एक मात्रा कमी

“बाई, तो ‘म’ जरा ताना ना! तुटस का तो?” चुडामणशेठ खुर्चीतूनच ओरडला.

काचेपलीकडच्या गायिकेने तोंड वाकडे केले आणि कोपऱ्यातल्या जीवरामने कपाळावर हात मारला. कालपर्यंत प्लास्टिकचे पाइप विकणारा हा गडी चार कॅसेटी खपताच गाण्यातला जाणकार झाला होता. जळगावच्या त्या कोंदट स्टुडिओत गाढवापुढे गीता वाचायला जीवरामने कचेरीतून रजा टाकली होती, ती एका ओळीसाठी.

ओळ त्याच्या बहिणीची. सासरी निघताना उंबऱ्यावर त्याचा हात धरून कमलने ती म्हटली होती: ‘भाऊ, माले नको इसरू.’ बायकांनी ती उचलली, लग्नालग्नांत गाऊ लागल्या. कमल दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली. ओळ तेवढी उरली. शेठला आता त्या ओळीचे गाणे जीवरामकडून मराठीत हवे होते. “अहिरानी पुनाले कोन आयकस?” असे तो अहिराणीतच विचारी.

“शेठ, ‘मला’ तठे बसत नही,” जीवराम म्हणाला. “अक्षरं नऊच शेतस, पन मात्रा एक कमी. ‘माले’ना ‘मा’ लांब शे, ठेका त्यावरच पडस.”

“मग दुसरं लिखा.”

दुसरे त्याने लिहूनही पाहिले होते: ‘भाऊ, माझी असो सय रे.’ मात्रा पंधराच्या पंधरा, लघु-गुरूही जागच्या जागी. पण वाचताना लग्नपत्रिका वाटे. ‘नको’ गेले आणि त्याबरोबर भीतीही गेली. घाबरलेली पोरगी असे बोलत नाही. शेवटी एसटीत त्याला सापडले.

“‘भाऊ, आता नको विसरू’ म्हणून बघा, बाई.”

बाईंनी म्हटले. ‘आ’वर ठेका पडला, ‘नको’ हातात हात यावा तसे आले, ‘रू’ हवा तेवढा लांबला. ‘मला’ नव्हते, पण हात धरून उभी असलेली बहीण दुसऱ्या कोणासाठी मागेल? बाईंनी ओळ स्वतःहून पुन्हा म्हटली.

“‘आता’ कशाले?” शेठ म्हणाला. “कव्हरवर ‘मला नको विसरू’ कालच छापी टाकं.”

“मग त्यावर मन्हं नाव नको.”

“नाव छापेलच नही, भाऊ!” शेठ खो खो हसला.

पुढच्या उन्हाळ्यात अमळनेरला चुलतभाऊ हिलालच्या मुलीचे लग्न होते. नवरी निघाली आणि भोंग्यावर तीच कॅसेट लागली. ‘भाऊ, मऽऽला...’ लंगडत लंगडत ओळ मांडवात आली. जीवरामच्या डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा उंबऱ्याजवळच्या बायका सुरात सूर मिसळून गाऊ लागल्या. त्या जागी कोणी न सांगता सगळ्यांची तोंडे उघडली आणि निघाले ते ‘माऽऽले’. भोंगा त्यात बुडून गेला.

‘भाऊ, माले नको इसरू.’

जीवराम शेवटच्या पंगतीला पाणी वाढत होता. कोणीतरी दोनदा पाणी मागितले. तो तांब्या धरून तसाच उभा राहिला.