रेडिओवरची लाल फुली

कृषी केंद्रातले रंगनाथ सर विद्वान माणूस, पण त्यांना थोडक्यात बोलता येत नाही. ‘रब्बी कांदा : काढणी व साठवणूक’ या विषयावर त्यांनी सेहेचाळीस स्लाइडचं सादरीकरण केलं आणि केंद्राच्याच रेडिओवर काम करणाऱ्या रोहिणीकडे पाठवलं. खाली लिहिलं, ‘यातून दोन-दोन मिनिटांचे सहा सल्ले काढा. महत्त्वाचं काही गाळू नका.’ हे म्हणजे अख्खी पंगत एका डब्यात भरून द्या म्हटल्यासारखं झालं.

सिन्नरजवळच्या या छोट्या रेडिओवर रोहिणीला लागून तीनच महिने झाले होते. आतापर्यंत ती वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि बाजारभाव वाचत होती. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच काम. तिने दोन दिवस खपून पहिला सल्ला लिहिला. तक्ते काढले, टक्के काढले, अवघड शब्द काढले. क्रम मात्र सरांचाच ठेवला. त्यांच्या एकोणिसाव्या स्लाइडवर शेतकरी काय चुकतात ते होतं, विसाव्या स्लाइडवर काय करावं ते. सरांनी वाचून सही केली. सल्ला तिने स्वतःच्याच आवाजात भरला.

सोमवारी सकाळी साडेसातला तो लागणार होता. रोहिणी पहाटेच्या एसटीने निघाली तेव्हा सासूबाई गोठ्यात होत्या. यशोदाबाईंनी शेणाचे हात तसेच वर करून विचारलं, "आज बोलणार ना गं तू?"

"हो आई. पण ऐका बरं का."

"ऐकते तर! मोबाईल खुंटीलाच टांगून ठेवलाय."

यशोदाबाईंच्या साध्या मोबाईलमध्ये रेडिओ होता आणि धार काढताना तो चालू असायचा. त्याच दिवशी त्यांच्या एक एकर कांद्याची काढणी सुरू होणार होती. बारा बाया सांगून ठेवल्या होत्या. मुलगा नवनाथ सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, त्यामुळे वावराचा सगळा कारभार यशोदाबाईंच्याच हाती. नवरा गेल्यावर कांदा साठवायची चाळ त्यांनीच उभी केली. तिच्यातला कांदा दिवाळीपर्यंत टिकायचा आणि त्यावरच घराचं वर्ष चालायचं.

दुपारी एकला सुट्टी झाली. रोहिणीने सिन्नरच्या स्टँडवर पाव किलो पेढे घेतले आणि जीपने थेट वावरात आली. पेढे आधी आईंना द्यायचे, हे तिने वाटेतच ठरवलं होतं.

बांधावर पाय ठेवला आणि ती थबकली. बाया रांगेने बसल्या होत्या. एकीने कांदा उपटायचा, दुसरीने हिरवीगार पात विळ्याने छाटायची, तिसरीने ढिगावर टाकायचा. मांडवाएवढा ढीग झाला होता. कांदे ओले, मानांतून पाणी सुटलेलं.

यशोदाबाई लगबगीने पुढे आल्या. चेहरा नुसता फुललेला. "ये! बघ, तू सांगितलंस तसंच चाललंय. या समद्या बायांना सांगितलं मी, माझी सून बोलली रेडिओवर. लगेच पात कापायची, तिथंच ढीग लावायचा, मजुरी वाचती, काम एका दिवसात उरकतं."

शब्द रोहिणीचेच होते. ‘बरेच शेतकरी कांदा उपटल्यावर लगेच पात कापतात आणि तिथेच ढीग लावतात. मजुरी वाचते, काम एका दिवसात उरकते.’ आणि त्यापुढे होतं, ‘पण तसे करू नका.’

"आई, पुढचं नाही ऐकलं?"

"पुढचं कुठलं? वासरानं दावं तोडलं, त्याच्यामागं पळाले. येईस्तोवर गाणं लागलेलं."

रोहिणीला एकोणिसावी स्लाइड आठवली. ओल्या कांद्याच्या ढिगाचा फोटो होता आणि त्यावर भलीमोठी लाल फुली मारलेली. बघणाऱ्याला क्षणात कळायचं, हे चूक आहे. रेडिओवर लाल फुली कशी दिसणार? तिथे वाक्य आलं की गेलं, मागे वळून बघायची सोय नाही.

बाया हात थांबवून बघत होत्या. गप्प राहून संध्याकाळी घरी हळूच सांगता आलं असतं. पण तोवर उरलेला कांदाही कापला गेला असता, आणि असा कांदा मानेतून सडतो. शिवाय चूक आईंच्या माथी बसली असती, ते तिला सहन होईना. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा गं बायांनो. आईंचं काही चुकलं नाही, मीच चुकीचं सांगितलं. असा कांदा चाळीत टिकत नाही."

यशोदाबाई कमरेवर हात ठेवून ढिगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी आजवर करत आले, त्येच बरोबर हाय?"

"तेच बरोबर आहे आई. मग आज का ऐकलंत माझं?"

"मला वाटलं काही नवं निघालं आसंल. आन चाळीस वर्षांत मला कुणी काही सांगितलंच नाय बाई. पहिल्यांदा घरचं माणूस सांगत होतं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मग नाय ऐकायचं व्हय?"

रोहिणीला रडूच आलं. रडतरडतच तिने पेढ्याचा पुडा सोडला, पहिला पेढा आईंना दिला, बायांच्या हातावर एकेक ठेवला आणि पुड्याच्या आतल्या बाजूला लिहायला बसली. "सांगा आई, कसं करायचं. बाईला सांगता तसं सांगा."

"उपटायचा आन पातीसकट तीन दिस वावरातच ठेवायचा. ह्या वळीचा कांदा त्या वळीच्या पातीखाली झाकायचा, ऊन लागाया नको. मग मानेला पीळ द्यायचा, बोटाचं येक पेर ठिवून कापायचं. मग सावलीत धा-बारा दिस, मगच चाळ."

सेहेचाळीस स्लाइड या चार वाक्यांत आल्या. उरलेला कांदा बायांनी तसाच ओळीने मांडला. कापलेला वेगळा काढून झाडाखाली पसरला. तो आधी विकायचा, आधी खायचा. यशोदाबाईंनी त्याला ‘रेडिओचा कांदा’ असं नावही देऊन टाकलं.

संध्याकाळी रोहिणीने रंगनाथ सरांना फोन करून झालेलं सांगितलं आणि ती चार वाक्यं वाचून दाखवली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण पेर काय, दोन ते अडीच सेंटिमीटर लिहा." पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "पेरच लिहा. मी पट्टीने मोजलं. माझं अडीच भरलं."

मंगळवारी साडेसातला रोहिणी थेट बोलली. चुकीची पद्धत तिने उच्चारलीच नाही. "कालचा सल्ला अर्धाच ऐकला असेल, तर आज हे धरा," म्हणाली आणि चार वाक्यं सांगितली. प्रत्येक वाक्य एकटं कानावर पडलं तरी खरं निघेल असं. मग तीच चार पुन्हा. आणखी कुणाकुणाच्या वावरात ढीग लागला असेल, कोण जाणे.

स्टुडिओबाहेर आली तोच फोन वाजला. यशोदाबाई धापा टाकत होत्या.

"रोहिणी, आज बी पुरतं ऐकलं नाय गं. मधूनच पळावं लागलं. पण जेवढं ऐकलं ना, तेवढ्यात बी कांदा नाय सडायचा."

"आज काय झालं? पुन्हा वासराने दावं तोडलं?"

पलीकडून वासराचं हंबरणं ऐकू आलं.

"तोडलं नाय," यशोदाबाई म्हणाल्या. "म्हटलं अर्धंच ऐकून बघावं, म्हणून आज मीच सोडलं."