रतनने फोडलेली कमान

शेजारच्या रतनच्या छताची पहिली कमान खाली आली, तेव्हा वहिदा आपल्या इंदापूरच्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर होती. नवरा अकबर आत, शिलाई मशिनींपाशी.

पूर्वी दोघांची दुकानं मिळून एकच वखार होती. वाटणी झाली तेव्हा मध्ये पत्रा उभा राहिला, छत मात्र सलगच राहिलं. ओळीनं लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरांमध्ये विटांची बसकी कमान. गळती थांबावी म्हणून दर उन्हाळ्यात वर चुना-विटांच्या कोब्याचा नवा थर पडे. वहिदा लग्न होऊन आली तेव्हा थापीचा ठेका धरून बायका गाणी म्हणत, अन् तिला वाटे, छत मजबूत होतंय. खरं तर ओझंच वाढत होतं.

रतनला आता त्याच्या भागात स्लॅब हवा होता, म्हणून तो जुन्या कमानी फोडत होता.

वहिदानं बारामतीहून बोलावलेल्या योगिनी इंजिनिअर नुकत्याच पोचल्या होत्या. वर बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"रतनभाऊ, थांबवा! कमानी एकमेकींना आडव्या रेटतात, म्हणून उभ्या आहेत. तुमची गेली, आता यांच्या कमानीचा रेटा अडवायला पलीकडं काही नाही."

"माझ्या जागेतलं मी फोडतोय, ताई. अकबरभाईचं छत त्यांच्यापाशीच हाय की!"

"गर्डर बांधून ठेवणाऱ्या सळया गंजून तुटल्यात. गर्डरही खालून पापुद्र्यांसारखा सुटलाय. अकबरभाईंना बाहेर काढा आधी!"

पत्र्याजवळचा गर्डर रतनच्या बाजूला झुकला होता. कमानीच्या मध्यावर चीर उघडली आणि विटकरी भुगा झरू लागला.

रतन मजुरांकडं वळला. "वासे आणा रं! आडवे लावा, समोरच्या भिंतीपातूर!" तो ओरडला.

"तोवर टिकणार नाही," योगिनी म्हणाल्या.

वहिदा दारातून ओरडली, "अहो, या बाहेर!"

"रविवारी निकाह हाय, वहिदा! लोकांच्या नवरीचा शरारा हाय हा. आलोच."

"शरारा मी हातानं शिवीन पुन्हा. या!"

तो गाठोडी बांधतच राहिला. वरून वीट पडली, मशिनीवर आपटली. तरीही तो वाकलाच होता.

वहिदा आत गेली. योगिनींनी हात धरला, तो तिनं झटकला. ती थेट चिरेखाली जाऊन उभी राहिली.

"तू कशाला आलीस? वेडी हायेस का!"

"तुमी हलत न्हाय तर मीबी हलत न्हाय."

वर लोखंड कुरकुरलं. अकबरनं गाठोडं टाकलं, तिचं मनगट धरून ओढलं. दोघं पायरीवरून रस्त्यात कोसळले आणि मागं कमान आपल्याच ओझ्यानं फाकून बसली. कोब्याचे थर ढेकळांसारखे मशिनींवर आदळले. धुळीत दुकान दिसेनासं झालं.

दुसरी कमानही करकरू लागली. "सगळे मागं!" योगिनी ओरडल्या.

अकबर उठला, गाठोड्यासाठी पुन्हा दाराकडं चालू लागला.

वहिदानं त्याचा सदरा मुठीत गच्च धरला. शिवण उसवली. तिनं सोडला नाही.