इनबॉक्समधला भाव

मी चौथीपर्यंत शिकले, पण माणूस किती किमतीचा आहे ते मला वाचता येतं. सून हेमालीला येत नाही. ती नवरीचे ब्लाउज डिझाइन करते. खाटेच्या लाकडी चौकटीवर कापड ताणून आरीच्या सुईनं एकेक मणी भरते. मुर्धा गावातल्या आमच्या ओट्यावर बसून पोरीनं नाव कमावलं, आणि फोनवर बावीस हजार फुकटे गोळा केले. त्यांना फॉलोअर म्हणतात.

फोटो टाकला रे टाकला की, "दीदी, लास्ट प्राइस?" "ताई, तीन वर्षं फॉलो करतेय, कमी करा ना." जशी काही फॉलो करताना यांची चप्पल झिजते!

हेमाली सगळ्यांना लिहायची, "इनबॉक्स बघा." आणि इनबॉक्समध्ये हळूच पाचशे, हजार सोडायची. मी म्हटलं, "भाव कानात सांगितला की माल चोरीचा वाटतो." ऐकेल तर शपथ.

मंगळवारी पायल नावाच्या बाईनं सगळ्यांसमोर लिहिलं, "मला हजार कमी केलेस, माझ्या मैत्रिणीलाही कर ना." खाली लगेच स्वाती, जिचा लग्नाचा ब्लाउज खाटेवर अर्धा भरला होता. "मी पूर्ण दिले. मी मूर्ख का? ऑर्डर कॅन्सल."

हेमालीचं तोंड पांढरं पडलं. स्वातीच्या मापाचं कापलेलं ते दुसऱ्या कुणाला होणार? आणि राई गावापासून उत्तनपर्यंत स्वातीची नातीगोती, सगळीकडे बोभाटा होणार.

"आण तो फोन," मी म्हटलं. "लिही, भिकारड्यांनो, बाजारात जा."

"आई, न्हाय. चूक माझी हाय. तुम्ही गप बसा."

मला गप म्हणाली! मग एकेक शब्द मोठ्यानं वाचत तिनं तिथंच, चारचौघींत लिहिलं:

"पायलताई, मैत्रिणीला डिझाइन आवडलं, छान वाटलं. याला अकरा दिवसांचं हातकाम आहे, म्हणून आजपासून दर सगळ्यांना एकच. बजेट कमी असेल तर बाह्या साध्या ठेवून फक्त गळा भरून देईन, त्याचा दर कमी. स्वातीताई, तुम्हाला वेगळा दर लावला ही माझी चूक. हजार परत पाठवते."

पायल फुरंगटली असेल म्हणावं तर निर्लज्जपणे लाल बदामाची दोन चित्रं टाकून गेली. मैत्रिणीनं फक्त गळा सांगितला. अर्ध्या बजेटची पूर्ण ऐट!

तासाभरानं स्वातीचा फोन आला, हेमालीनं स्पीकरवर टाकला. "हजार नको. त्यापेक्षा बाह्यांवर अजून दोन मोर भर, त्या पायलपेक्षा भारी दिसले पाहिजेत."

मी हेमालीला मानेनंच हो म्हण म्हटलं, दोन मोरांत सुटका. पण हेमाली म्हणाली, "ताई, पैसे घ्या. मोर हवे असतील तर मोरांचे वेगळे."

मी फोनजवळ कान नेला.

"बरं बाई," स्वाती म्हणाली. "पाठव हजार. कॅन्सल नको. मोर किती?"

हेमालीनं दर सांगितला आणि आरी उचलली.