बंद घराचा शेरा

नवे मीटर बसल्यापासून निवृत्त ग्रंथपालांचे वीजबिल दर महिन्यास फुगत चालले होते. एक दिवा पुरत असता दुसरा न लावणारे हे विधुर. पंखाही ते मंद गतीनेच फिरवीत. पण दूरच्या शहरातल्या मुलाने निदान केव्हाच केले होते.

"बाबा, गिझर चालू ठेवून विसरत असाल. आता एकटं राहणं जमायचं नाही. घर विकू, तुम्ही इकडे या."

तो रोज संध्याकाळी फोन करी आणि गिझर बंद आहे ना, एवढे विचारी. ग्रंथपाल उठून बटण पाहून येत. हळूहळू त्यांचा स्वतःच्या स्मृतीवरचा विश्वासही डळमळू लागला. अखेर त्यांनी वीज कंपनीच्या कार्यालयात मीटर तपासणीचा अर्ज दिला, शुल्क भरले आणि पावती जपून ठेवली. मीटर निर्दोष निघाले, तर घर विकण्यास संमती द्यायची, असे त्यांनी मनाशी ठरवले.

तपासनीस आला. जिन्याखालच्या मीटरला त्याने आपले यंत्र जोडले आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आजोबा, मीटर एकदम ठणठणीत आहे."

ग्रंथपालांनी मान खाली घातली.

"तोंड पाडू नका हो. अजून एक बघायचंय. घरातला मेन स्विच पाडा."

त्यांनी तो पाडला. घर काळोखले, पण खाली मीटरवरचा, वीज वापरात असल्याचे दाखवणारा तांबडा दिवा लुकलुकतच राहिला. तपासनीसाने वरच्या मजल्यावर हाक दिली. तेथील गृहिणीने आपला मेन स्विच पाडताच तो दिवा विझला.

"घ्या! बसवताना दोघांच्या वायरींची अदलाबदल झालीय. त्यांच्या घरचा संसार तुमच्या बिलावर चाललाय."

"तरीच म्हटलं, आमचं बिल इतकं कमी कसं," खाली आलेली गृहिणी ओशाळून म्हणाली.

"तेव्हा नाही वाटतं तक्रार सुचली, वहिनी?" तपासनीस हसला. त्याने अहवाल लिहिला, दोघांच्याही सह्या घेतल्या.

वायरी जागच्या जागी आल्यावर ग्रंथपाल कार्यालयात गेले. लिपिकाने खरा वापर काढून बिले दुरुस्त करायला घेतली, आणि त्याचा हात थांबला.

"काका, घर बंद असतं का? इतक्या कमी युनिटला आम्ही बंद घराचा शेरा मारतो."

"नाही. मी असतो तिथे."

"कायम?"

"कायम."

लिपिकाने शेरा मारला नाही. पुढील बिलांत जादा रक्कम वळती होईल, असे त्याने अदबीने सांगितले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. सारे ऐकून तो ओशाळला. "माझंच चुकलं, बाबा. तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे. घर विकायचा विषय संपला. आता रोज फोन करून तुम्हाला छळणार नाही."

"बरं," ग्रंथपाल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते उठले, गिझरचे बटण बंद असल्याचे पाहून आले, आणि फोनशेजारी बसून राहिले.