काजू नसलेलं ताट

लग्न धाकट्याचं होतं, पण परीक्षा केटररबाईंची होती आणि परीक्षक होत्या माई. होणाऱ्या सुनेने कामाचं निमित्त सांगून ‘माई ठरवतील ते’ असा निरोप धाडला होता आणि आपली मान अलगद सोडवून घेतली होती. धाकट्याला मात्र सुटका नव्हती. केटररच्या ऑफिसमागच्या लांबट खोलीत, पांढरं कापड घातलेल्या टेबलाशी तो आईशेजारी बसला होता. मागच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा खणखणाट येत होता, आणि सकाळी मुद्दाम काही न खाता आल्यामुळे त्याच्या पोटात कावळे ओरडत होते.

केटररबाईंनी दोघांपुढे एकेक कागद ठेवला. पदार्थाचं नाव, चव, मीठ, दिसणं, आणि शेवटचा रकाना ‘थंड झाल्यावर’.

“हा शेवटचा कशाला?” माईंनी विचारलं.

“पाहुणे उशिरा जेवायला येतात, फोटो आटपत नाहीत. तोवर अन्न तासभर तरी नुसतं गरम ठेवलेलं असतं. आत्ता कढईतून आलेलं सगळंच छान लागतं. म्हणून थोडं बाजूला ठेवा आणि निघताना परत चाखा.”

माई खूश झाल्या. बाई कामाची दिसली, की त्यांना आपोआप माया वाटे. त्यांनी चष्मा चढवला आणि कामाला लागल्या.

सूपला त्यांनी सात दिले. “मीठ लाजतंय,” शेजारी लिहिलं. भाज्यांच्या कुरकुरीत रोलला आठ. “असे माणशी किती धरता?”

“पाच. लहान आहेत, आणि तोंडाला लागतात.”

“आणि भात?”

“दोनशे माणसांना कच्चा सोळा किलो. दोन भाज्या आहेत, तर प्रत्येक भाजी सगळ्यांना पुरेल एवढी नाही करायची, पाऊण पट करायची. लोक दोन्ही घेतात, पण थोडी थोडी.”

“उरलं तर चालेल. कमी पडलं तर माझं नाक कापलं जाईल.”

“दहा ताटं जास्तीची असतात, माई. नाक शाबूत राहील.”

मग पांढऱ्या रश्शाची भाजी आली. वरून सायीची रेघ, वास असा की धाकटा खुर्चीतून पुढे सरकला. माईंनी चमचा उचलला आणि तसाच थांबवला.

“यात काजू आहे?”

“आहे ना. काजूच्या पेस्टमुळेच हा दाटपणा येतो.”

माईंनी चमचा खाली ठेवला, वाटी दूर सारली आणि कागदावर शून्य मांडलं. न चाखताच.

“अगं माई, चाखून तरी बघ! नऊ मार्कांची भाजी आहे.”

“मला नको.”

केक आला. “यात बदाम?” होते. शून्य. पुडिंगवर पिस्त्याचे काप होते. तिसरं शून्य. शाळेत एवढी शून्यं एका बैठकीत कुणा मठ्ठ पोरालासुद्धा मिळाली नसतील. केटररबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं.

“माई, तुम्हाला सुकामेव्याची ॲलर्जी आहे का?”

“मला? मला काय धाड भरलीय!”

“मग कुणाला?”

धाकटा पाण्याचा ग्लास उगाच फिरवत बसला.

थोरल्याला होती. सहा वर्षांचा असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला त्याने मिठाईचा एक तुकडा खाल्ला होता. घटकाभरात ओठ सुजले, श्वास लागला, आणि माई त्याला उचलून चपला न घालता दवाखान्यात धावल्या होत्या. तेव्हापासून कुठेही काही पुढे आलं, की त्यांच्या तोंडून आधी तोच प्रश्न निघे. पुढे थोरल्याने आईला न विचारता लग्न केलं. माईंचं डोकं फिरलं आणि दारात उभं राहून त्या म्हणाल्या, “या घरात यापुढे तुझं ताट वाढलं जाणार नाही.” त्यालाही सहा वर्षं होऊन गेली. त्याचं नाव काढायचं नाही, असा हुकूम होता, आणि माईंचा हुकूम नातेवाइकांतही कुणी मोडत नसे. प्रश्न मात्र त्या रोज विचारत होत्या. स्वतःच्या घरासाठी बिस्किटं घेतानाही विचारत होत्या.

“मला आकडा लागेल,” केटररबाई हळू आवाजात म्हणाल्या. “एक जरी असेल तरी माझं सगळं बदलतं. त्या माणसाचं वेगळ्या भांड्यात, वेगळ्या मिक्सरमध्ये, वेगळ्या हातांनी करावं लागतं. ताट झाकून, नाव लावून थेट आतून येतं, कारण बाहेर लोक एका भाजीचा डाव दुसरीत घालतात. हे अंदाजाने नाही करता येत.”

“कुणी नाही,” धाकटा घाईघाईने म्हणाला. “शून्य लिहा.”

आईला वाचवायलाच तो बोलला होता, पण ते शून्य माईंना फार लागलं.

“तू त्याला बोलावलंयस?” त्यांनी विचारलं.

“बोलावलंय. म्हणाला, माईने बोलावलं तर येतो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू? नाव काढायचं नाही म्हणाली होतीस ना?”

त्या उठल्या.

“त्याचा नंबर...”

“तोच आहे, माई.”

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी भाज्यांच्या टोपल्या रचल्या होत्या. तिथे उभं राहून माईंनी फोन लावला. नंबर बोटांना पाठ होता. काय बोलायचं तेही त्यांनी मनात जुळवलं होतं: ‘लग्नाला ये, काजूचं काही नाही ठेवलं.’ माफीबिफी मागणं त्यांना जमलं नसतं, पण त्याला कळलं असतं.

“हॅलो?” एक बारीक, खणखणीत आवाज आला. “बाबा आंघोळीला गेलेत. तुम्ही कोण?”

माईंनी भिंतीला हात टेकला.

“हॅलो? कोण बोलतंय? बाबांना काय सांगू?”

सांगायचा शब्द दोनच अक्षरांचा होता: आजी. पण ज्या पोराला त्यांनी कधी मांडीवर घेतलं नव्हतं, ज्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं, त्याच्याकडून तो शब्द कोणत्या तोंडाने मागायचा?

“काही नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. “चुकून लागला.”

“बरं,” आवाज म्हणाला आणि फोन ठेवला गेला.

माई परत आल्या तेव्हा बाजूला ठेवलेले पदार्थ गार झाले होते. शेवटचा रकाना भरायचा राहिला होता. त्यांनी पेन उचललं नाही.

“बाई, लहान मुलं कशी धरता तुम्ही?”

“पाच ते दहा वर्षांची अर्धी. कितीचं आहे मूल?”

सख्खा नातू, आणि त्याचं वय त्यांना केटररबाईंइतकंच ठाऊक होतं. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याची मान खाली गेली. त्याला सगळं माहीत होतं. वाढदिवसाला तो जातही असणार.

“साडेचार,” तो पुटपुटला. “आणि त्यालाही काजू चालत नाही, माई.”

माईंच्या डोळ्यांपुढे ते ओठ आले, तो श्वास आला. या पोराला कुणी उचलून दवाखान्यात नेलं असेल, कोण अनवाणी धावलं असेल? आपण तेव्हा कुठे होतो? घरी. काजू नसलेली बिस्किटं घेऊन, एकट्या.

“म्हणजे काजूशिवाय दोन,” केटररबाई लिहू लागल्या. “पण येणार हे नक्की ना? लग्नाच्या आठवडाभर आधी आकडा पक्का झाला, की मग कमी होत नाही.”

“नक्की नाही,” माई म्हणाल्या. “मी अजून नीट बोलावलेलं नाही. तरी लिहा.”

“बरं. मोठं ताट एक. छोट्याचं मी धरत नाही, पाच वर्षांच्या आतली मुलं आम्ही मोजतच नाही.”

“मोजा,” माई म्हणाल्या. “पूर्ण मोजा त्याला. आमच्याकडून मोजायचा राहिलाय.”