काकांनी बंद केलेली दुसरी गोळी

उद्या काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मधुमेहाची एक गोळी तीन दिवस आधी बंद करायला सांगितली होती. आयुष्यभर गोदाम सांभाळलेल्या काकांनी सोबत कोलेस्टेरॉलचीही बंद केली. अर्धवट आवराआवर त्यांना कधी पटलीच नाही.

“कोलेस्टेरॉलच्या गोळीला हात लावायला कुणी सांगितलं होतं?” काकूंनी भूलतज्ज्ञ बाईंसमोरच विचारलं.

“ऑपरेशनला पोट रिकामं हवं ना!” काका म्हणाले.

बाई हसल्या. “काका, मधुमेहाची ती गोळी उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढवू शकते, म्हणून बंद. ही मात्र रक्तवाहिन्यांतला चरबीचा थर शांत ठेवते. ऑपरेशनच्या ताणात तो फुटला, तर हृदयाला धोका. म्हणून ही चालूच ठेवायची.”

काकांचा चेहरा उतरला. दोन वर्षं ते जिन्याकडे खालूनच बघत होते. “म्हणजे... ऑपरेशन पुढे?”

“तुमचा कार्डिओग्राम ठीक आहे. उद्याच करू. पण गोळी आजपासूनच घ्या, आणि नंतरही सोडू नका.”

“बघ, चूक झाली तरी ऑपरेशन ठरल्या दिवशीच!” काका खुलले.

काकूंनी औषधांचा डबा स्वतःच्या पिशवीत टाकला. “हो, आणि गोदामाची किल्ली आता माझ्याकडे.”