‘जमलं तर बघा’

शैला कासारेच्या चिठ्ठीची भाषा इंग्रजी होती, पण सूर नायगावच्या बीडीडी चाळीतल्या जिन्यावरचा होता. तिथे वाटीभर साखर मागायची असली तरी आधी पाच मिनिटं तब्येतीची चौकशी होते. शैलाने त्याच रिवाजाने आपल्या मॅनेजरला लिहिलं होतं. दादरला मराठी लघुलेखन आणि टंकलेखनाचा संध्याकाळचा वर्ग सुरू होतो आहे, मला फार दिवसांपासून शिकायचं आहे, घरी जरा अडचण आहे, कंपनीने फी भरली तर फार उपकार होतील. शेवटी इंग्रजीतच, पण अस्सल मराठी वाक्य: जमलं तर बघा.

चौबळसाहेबांना जमलं नाही. ते ठीक होतं. पण न जमण्याआधी त्यांनी ती चिठ्ठी समोर बसलेल्या विमा एजंटला मोठ्याने वाचून दाखवली. ‘जमलं तर बघा’ला दोघंही खळखळून हसले. केबिनचं दार उघडं होतं.

“मिस कासारे,” साहेब म्हणाले, “ही रंगाची कंपनी आहे. हळदीकुंकवाला वाण वाटतात तशा आम्ही फिया वाटत नाही.”

चौबळसाहेब गिरगावातल्या फणसवाडीचे. घरी पिठलं-भात मराठीत जेवत आणि लालबागच्या फाटकातून कारखान्यात शिरताना मराठी वॉचमनकडे छत्रीसारखी ठेवून येत. त्यामुळे हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं. ‘हळदीकुंकू’ला मात्र इंग्रजी शब्द सापडला नाही, तेवढं मराठीत राहिलं आणि तेच एजंटला जास्त कळलं.

शैला जागेवर आली ती अशी, की टाइपरायटरवरचं कापड ओढताना मशीनच खाली यायचं राहिलं. साल एकोणसाठ. बाहेर भिंतीभिंतीवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं. आणि आत मराठी शिकायची म्हटलं तर हसू.

“एवढं काय झालं?” हेडक्लार्क बाबुराव म्हणाले. तीस वर्षं याच कंपनीत. चेहरा नेहमी एखाद्याच्या तेराव्याला आल्यासारखा, त्यामुळे त्यांचा विनोद कळायला माणसाला घरी जावं लागे.

“मी भीक मागितली का हो?”

“बघू.” बाबुरावांनी चिठ्ठी वाचली. “हो.”

“बाबुराव!”

“अगं, मोज ना. यात ‘मला’ चार वेळा आहे. ‘कंपनी’ एकदाच, आणि तीही पैसे भरायला. घरची अडचण लिहिलीस. तुझ्या घरच्या अडचणीचं खातं आपल्याकडे नाही, मी तीस वर्षं खाती बघतोय. आणि ‘उपकार’! उपकार म्हटलं की साहेबाचा हात आधी खिशावर जातो, आत नाही, वरून.”

“मग काय लिहू? साहेब, तुमचा फायदा आहे?”

“आहे का?”

शैलाला मार्चमधली नोटीस आठवली. म्हणाली, “पगार न घेता निघून जावे.”

आता बाबुरावांच्या चेहऱ्यावरचं तेरावं क्षणभर उठलं.

त्याचं असं झालं होतं. कामगारांसाठी नोटीस लावायची तर इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेतही लावावी लागते. कंपनीत मराठी टाइप करणारं कुणी नाही, म्हणून प्रत्येक नोटीस बाहेर एका भाषांतरवाल्याकडे जाई आणि दोन दिवसांनी परत येई. गेल्या हरताळानंतर साहेबांनी नोटीस काढली, की त्या दिवशीची गैरहजेरी ‘लीव्ह विदाउट पे’ धरली जाईल, म्हणजे बिनपगारी रजा. भाषांतरवाल्याने ‘लीव्ह’चा अर्थ लावला ‘निघा’. फळ्यावर झळकलं: त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांनी पगार न घेता निघून जावे. मिक्सिंग खात्यातली माणसं भांडी तशीच टाकून फाटकाशी जमली. साहेब केबिनमधून ओरडत होते, “रजा! रजा!” आणि खालच्यांना वाटत होतं, साहेब कायमचीच रजा देतोय. दोन तास काम बंद. ढवळायचे थांबलेले हिरव्या रंगाचे दोन घाणे खाली बसले, ते फेकावे लागले.

“झालं तर,” बाबुराव म्हणाले. “हे लिही.”

शैलाचा राग आता दुसऱ्या दारातून आत आला. “म्हणजे मुंबईत मराठी का हवी, हे मी हिरव्या रंगाच्या भावात सांगायचं? फ्लोरा फाउंटनला माणसं गोळ्या खाऊन पडली, ती काय घाणा वाचवायला?”

बाबुरावांनी हातातला टाक खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “नाही. पण ते वेगळ्या कागदावर लिही. तो कागद मोर्चात ने, मीही येतो. हा कागद चौबळसाहेबांसाठी आहे. ज्याला वाचायचाय, त्याला ज्याची चिंता आहे, तेच त्यात.”

शैलाने दुपारच्या सुटीत दात-ओठ खात दुसरा मसुदा केला. पहिलंच वाक्य होतं: महाराष्ट्र राज्य लवकरच होणार असल्यामुळे. बाबुरावांनी ते काट मारून उडवलं.

“होणारच आहे!” शैला म्हणाली.

“हे तुला-मला ठाऊक. साहेबांना त्यांच्या वर्तमानपत्राने अजून कळवलेलं नाही. जे होईल त्यावर कशाला उभी राहतेस? जे झालंय त्यावर राहा. आणि हे लघुलेखन काढ.”

“का?”

“साहेब मराठीत डिक्टेशन देणार आहेत?”

इथे शैला अडली. टंकलेखन तिला चालणार होतं. हवं होतं ते लघुलेखन. बोललेला शब्द हवेतून झेलून जसाच्या तसा कागदावर ठेवायचा, तोही आपल्या बोलीतला, यासाठी तर तिने ती चिठ्ठी लिहिली होती. ‘शिका’ हे तिच्या घरात भिंतीवरच लिहिलेलं होतं. फी कुठून आणायची हे लिहायला त्या भिंतीवर जागा उरली नव्हती. वडील गिरणीत कामाला. धाकट्या तिघांच्या शाळेतून वर काही उरत नसे. कंपनी नाही म्हणाली तर वर्ग नाही, इतकं ते सरळ होतं.

ती मशीनवर बोटं ठेवून बसली. मग एकदम म्हणाली, “वर्क्स कमिटी.”

“काय तिचं?”

“दर महिन्याला मालकाची माणसं आणि कामगारांची माणसं बसतात. बोलतात कशात? मराठीत. इतिवृत्त कशात? इंग्रजीत, आठवेल तसं, दुसऱ्या दिवशी. आणि पुढच्या बैठकीचा पहिला तास कशात जातो? ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ यात.”

बाबुरावांनी चष्मा काढून पुसला. “राहू दे लघुलेखन.” जराशाने म्हणाले, “पण शिकून टाइप कशावर करणार? आपल्या मशीनवर ‘क’ नाही. फी मागायची आणि मशीनचं झाकून ठेवायचं, तर साहेब ते पहिलं विचारतील, आणि मग बाकीचंही खोटं वाटेल.”

हे शैलाच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मशीन भाड्याने देणाऱ्याकडून दर आणला आणि भाषांतराची बिलंही काढली. कागद इंग्रजीतच होता, कारण मराठीची बाजू या कंपनीत मराठीत मांडली असती तर ती आधी भाषांतराला गेली असती. आपल्या भाषेत तो असा:

*विषय: मराठी नोटिसा व इतिवृत्त कंपनीतच तयार करणे.*

*मंजुरी हवी: मराठी लघुलेखन-टंकलेखनाच्या सहा महिन्यांच्या वर्गाची फी नव्वद रुपये, आणि नंतर भाड्याचं मराठी मशीन, महिना पंधरा रुपये.*

*सध्या: गेल्या वर्षी भाषांतर व टंकलेखनापोटी बाहेर सहाशे चाळीस रुपये गेले. प्रत्येक नोटिशीला दोन दिवस लागतात. मार्चमधील चुकीच्या नोटिशीमुळे मिक्सिंग खातं दोन तास बंद राहिलं व दोन घाणे वाया गेले. तो तोटा वरच्या रकमेत धरलेला नाही. वर्क्स कमिटीच्या इतिवृत्ताबद्दल दर बैठकीत वाद होतो.*

*नंतर: नोटीस त्याच दिवशी लागेल. बैठकीतलं बोलणं बोललं तसं टिपलं जाईल. अवघड कायदेशीर मजकूर बाहेरूनच करून घ्यावा लागेल, म्हणून वाचणारी रक्कम बाहेरच्या खर्चाच्या निम्मीच, म्हणजे वर्षाला तीनशे वीस रुपये, धरली आहे.*

*वर्ग संध्याकाळी आहे, कामाचा वेळ जाणार नाही. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास फी परत करीन. पुढची तुकडी सोमवारी सुरू होते. शुक्रवारपर्यंत निर्णय मिळावा.*

‘उपकार’ नाही, ‘अडचण’ नाही, ‘मला’ तर औषधालाही नाही. आपल्याच कागदातून आपण नाहीसं झाल्यासारखं तिला वाटलं आणि पुन्हा संताप आला.

चौबळसाहेबांनी कागद वाचला. हसले नाहीत. पुन्हा वाचला.

“हे आधीच का नाही सांगितलं?”

मंगळवारीच मागितलं होतं आणि तुम्ही ते वाचून विमा विकणाऱ्याची करमणूक केली होती, हे शैलाने सांगितलं नाही. ते वेगळ्या कागदावरचं होतं.

“पण मिस कासारे,” साहेब खुर्चीत मागे रेलले, “राज्य सध्या द्वैभाषिक आहे. उद्या मुंबई कुणाकडे जाते, कुणास ठाऊक. वारा बघून मग ठरवू. कदाचित तुम्हाला गुजराती शिकावं लागेल.”

शैलाची कानशिलं तापली. जिभेवर फ्लोरा फाउंटन आलं होतं. तिने ते गिळलं.

“साहेब, राज्य कुठलंही होवो. मिक्सिंग खात्यातली माणसं तीच राहणार. नोटीस त्यांनी वाचायची आहे, राज्याने नाही.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यात राज्याचा शब्दही नव्हता. धरायला जागा नव्हती. त्यांनी पेन उघडलं आणि खाली लिहिलं: ‘व्हर्नाक्युलर कोर्स मंजूर.’

व्हर्नाक्युलर. देशी. घरगड्यांची बोली म्हणावं तसं. आणि लिहिणारा फणसवाडीचा.

कागद फाडावा, असं तिला मनापासून वाटलं. सोमवार डोळ्यांपुढे आला. तिने कागद तसाच साहेबांपुढे धरला.

“साहेब, व्हर्नाक्युलर नावाचा वर्ग त्या संस्थेत नाही.”

“म्हणजे?”

“अकाउंट्सवाले चेकसोबत मंजुरीचं नाव लावतात. संस्थेच्या यादीत ते सापडणार नाही. चेक परत येईल. पुन्हा मंजुरी, पुन्हा चेक. तुकडी हुकली की सहा महिने बाहेरची बिलं.”

“मग त्याला म्हणतात काय?”

“मराठी.”

साहेबांनी शब्द खोडला. वर, लहान अक्षरात, लिहिलं. मग शैला जागची हलेना म्हणून खोडलेल्या शब्दाजवळ सहीही केली. कंपनीचा नियमच होता, खाडाखोडीवर सही.

बाहेर बाबुराव रजिस्टरमध्ये तोंड घालून बसले होते. तिने कागद समोर ठेवला. त्यांनी तो वाचला, खाडाखोड निरखली.

“आणि तो दुसरा कागद?”

“मोठा झालाय,” शैला म्हणाली. “मोर्चा कितीला निघतो?”

“सहाला. परळ नाक्यावरून.” बाबुरावांनी टोपी उचलली. “चल. आणि तिथे मात्र ‘जमलं तर बघा’ म्हणू नकोस.”